चीर कुठे पडली ते आधी पाहा

भाकरी थापायची असते, लाटायची नसते, असं ठणकावून सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच. त्यांचं अगदीच चूक नाही. थापताना तळव्याचा दाब वरून खाली पडतो, गोळा परातीतल्या कोरड्या पिठावर घसरत स्वतःभोवती फिरतो आणि दुसऱ्या हाताची बोटं कडेला लागून असतात. कड फाकायला लागली की बोटं तिला आत रेटतात. भाकरी मोठी होते ती दाबाने. लाटणं मात्र पीठ ओढतं. मधलं पीठ बाहेर सरकतं तसा घेर वाढतो आणि त्या वाढलेल्या घेराला पुरं पडायला कडेच्या पिठाला ताणावं लागतं. ताण सोसण्याची ताकद त्यात नसली की कड उभी चिरते. म्हणून परातीत मुकाट्याने थापलं जाणारं पीठ पोळपाटावर ठिकठिकाणी फाटतं आणि आपण लाटण्याला दोष देतो.

पुढच्या पानांत ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांच्या लाटून केलेल्या भाकरींच्या कृती आहेत. कुठल्याही कृतीत गव्हाची चिमूटसुद्धा नाही, लावायच्या पिठातही नाही. अशा भाकरी करणारे आता बरेच आहेत. कुणाला डॉक्टरांनी गहू बंद केलेला असतो, कुणाचं मनगट थापायला साथ देत नाही, कुणी परदेशात असतं आणि तिथे परात फिरवायला ओटाच पुरत नाही. या सगळ्यांना कृतीइतकीच कारणांची गरज असते, कारण पीठ दर वेळी वेगळं असतं आणि कृती मात्र तीच राहते. कारण कळलं तर प्रमाण आपलं आपण हलवता येतं. या प्रस्तावनेत तेवढंच करायचं आहे.

गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते मळलं गेलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून ग्लूटेनचं जाळं तयार करतात. हे जाळं ताणलं जातं, सोडलं की थोडं मागे येतं, पण तुटत नाही. ज्वारी-बाजरीतही प्रथिनं आहेत, तांदळातही आहेत; पण ती असं जाळं करत नाहीत. ज्वारीतली बरीचशी प्रथिनं दाण्यात बारीक गुठळ्यांच्या रूपात बंद असतात आणि कितीही मळलं तरी मोकळी होऊन एकमेकांत गुंतत नाहीत. त्यामुळे गव्हाच्या कणकेचे दोन नियम इथे लागू पडत नाहीत. जास्त मळलं म्हणून लवचीकपणा येत नाही आणि पीठ झाकून अर्धा तास मुरत ठेवलं तर ते सुधारत नाही, बिघडतं.

मग या पिठाला धरून काय ठेवतं? शिजलेला स्टार्च. सुती साडीला द्यायची खळ आपण तांदळाच्या पेजेची करतो, तीच ही गोष्ट. स्टार्चचे बारीक कण गार पाण्यात नुसते ओले होतात. पाणी पुरेसं तापलं की ते पाणी पितात, फुगतात, त्यांचा आकार मोडतो आणि चिकट लगदा तयार होतो. उरलेल्या कच्च्या कणांना हा लगदा बांधून ठेवतो. ज्वारीच्या आणि बहुतेक तांदळांच्या स्टार्चला त्यासाठी साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सियस तापमान लागतं; गव्हाच्या स्टार्चला त्याहून कमी पुरतं. कोमट पाणी ४५-५० अंशांचं असतं. ‘कोमट पाण्यात पीठ मळावं’ हा सल्ला थापणाऱ्याला, आणि तोही ताज्या पिठापुरता, चालून जातो. लाटणाऱ्याच्या कामाचा तो नाही.

उकळतं पाणी वापरूनही भाकरी चिरते अशी तक्रार असते. तिचं उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ परातीत घेतलं आणि त्यावर २०० मिलिलिटर उकळतं पाणी ओतलं. तितक्याच वजनाच्या पाण्याला जेवढी उष्णता लागते, तिच्या निम्म्याहून कमी उष्णतेत कोरडं पीठ तेवढंच तापतं. म्हणून ३० अंशांवरचं पीठ आणि १०० अंशांवरचं पाणी मिसळल्यावर मिश्रण ८० अंशांच्या आसपास यायला हवं. कागदावर हे पुरेसं आहे. पण पातेल्यातून परातीत पडेपर्यंतच पाण्याचे काही अंश उतरतात, परात गार आणि पसरट असते, वाफ निघून जाते. हाती येतं ते सत्तरीच्या जवळपास, म्हणजे नेमकं उंबरठ्यावर. पीठ फ्रिजमधून काढलेलं असेल तर हिशेबाची सुरुवातच ७२-७३ अंशांपासून होते आणि प्रत्यक्षात मिश्रण साठीत घसरतं. थंड देशातल्या स्वयंपाकघरात हेच होतं. पाणी डोळ्यांदेखत उकळलेलं असतं, पण पीठ मात्र कच्चं राहिलेलं असतं. चटका बसू नये म्हणून कुणी वरून गार पाण्याचा हबका मारला, तर उरलीसुरली आशाही संपली.

उकड काढायची ती यासाठी. पातेल्यात, विस्तवावर, झाकणाखाली पीठ त्या तापमानापर्यंत नक्की पोचतं आणि तिथे काही मिनिटं टिकतं.

हे स्वतः पाहायचं असेल तर एकाच डब्यातलं पीठ घेऊन तीन छोटे गोळे करावेत. पहिला साध्या पाण्यात मळलेला, दुसरा परातीत उकळतं पाणी ओतून, तिसरा उकड काढून. तिन्ही लिंबाएवढे, तिन्ही सारखेच मऊ. प्रत्येक गोळा तळव्याने पोळपाटावर दाबावा आणि कडेकडे पाहावं. साध्या पाण्याचा गोळा बोटभर जाड असतानाच कडेला फाटतो. उकळत्या पाण्याचा पुरीएवढा होईपर्यंत टिकतो, मग बारीक चिरा दिसू लागतात. उकडीचा गोळा त्याहून पातळ होतो आणि कड गुळगुळीत राहते. आता तिन्ही चकत्या एकेक करून बोटावर आडव्या टाकाव्यात. पहिली मोडून पडते, दुसरी वाकते पण वाकल्या जागी तडकते, तिसरी दोन्ही बाजूंनी लोंबते. पीठ नवीन आणलं, चक्की बदलली, वाण बदललं की हा प्रयोग पुन्हा करावा. दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी चकतीसुद्धा चांगली वाकत असेल तर पीठ ताजं आणि बारीक आहे, उकडीची मेहनत वाचली.

असं असेल तर सगळंच पीठ उकडून का घेऊ नये? तांदळाचं घ्यावंच. ज्वारीचं मात्र पूर्ण उकडलं तर भाकरी लाटायला सोपी आणि खायला चिवट होते. गार झाल्यावर ती चामट लागते आणि ज्वारीचा खमंगपणा कमी होतो. लगदा हवा तो बांधण्यापुरता. म्हणून ज्वारीसाठी मी तीन हिस्से पीठ उकडीत आणि एक हिस्सा कोरडं, हे प्रमाण धरते. २०० ग्रॅम पिठासाठी २२० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळलं की आच मंद करून १५० ग्रॅम पीठ एकदम घालायचं, लाकडी चमच्याच्या दांड्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळायचं, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी उकड परातीत काढायची, वाटीच्या बुडाने रगडायची आणि हाताला सोसेल इतकी निवली की उरलेलं ५० ग्रॅम पीठ त्यात मळून घ्यायचं. याचे साधारण ८० ग्रॅमचे पाच गोळे होतात आणि तीनेक मिलिमीटर जाडीची, सहा-साडेसहा इंचांची भाकरी लाटली जाते. याहून मोठी आणि पातळ भाकरी पहिल्याच दिवशी लाटायचा हट्ट धरू नये.

मळण्याचं काम इथे निराळं आहे. जाळं घडवायचं नसतं. लगदा सगळीकडे सारखा पसरवायचा असतो आणि प्रत्येक कोरड्या कणाला पाणी पोचवायचं असतं. म्हणून सगळं पीठ एकदा सैलसर मळून ओल्या फडक्याखाली ठेवावं आणि लाटायच्या आधी एकेका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या मुळाने पुढे रगडत पुन्हा मळावा. पाण्यात बोटं बुडवून, लागेल तेवढंच पाणी. सुरुवातीला गोळा रगडताना मागे खरबरीत, तुटक रेघ सोडतो. झाला की ती रेघ सलग आणि तुकतुकीत दिसते. मऊपणा कानाच्या पाळीइतका हवा. गोळा तयार झाला की थांबू नये. शिजलेला स्टार्च निवताना पुन्हा आवळतो, घट्ट होतो आणि वरून वारं लागलं तर गोळ्यावर साय धरते. पाच गोळे वळून रांगेत ठेवण्याची पोळ्यांची सवय इथे नडते; पाचवा गोळा हातात येईपर्यंत चिरायलाच तयार असतो.

आता लाटणं. गोळा दोन तळव्यांत फिरवून पूर्ण गुळगुळीत करावा आणि हातातच दाबून पेढ्यासारखा चपटा करावा. त्याची कड अंगठ्याने गोल फिरवून नीट करावी. इथे दिसलेली केसाएवढी चीर लाटल्यावर बोटभर होते, म्हणून ती इथेच पाण्याच्या बोटाने मिटवायची. पोळपाटावर पातळ पीठ भुरभुरून चकती आधी बोटांनी दाबून तळहाताएवढी करावी. अर्धं काम दाबानेच झालं, ताण कमी झाला. मग लाटणं मधून कडेकडे, हलक्या हाताने, आखूड फेऱ्यांत. आणि ते कडेच्या थोडं अलीकडेच थांबवायचं. लाटणं कडेवरून खाली उतरलं की कड चेपून पातळ होते आणि तिथेच फाटते. दर दोन-तीन फेऱ्यांनी भाकरी थोडी फिरवावी. ती फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. लावायचं पीठ मात्र कडेवर साचू देऊ नये; कोरडं पीठ कडेत चेपलं गेलं की तिथे बांधणारं काहीच उरत नाही. पोळपाटावर प्लास्टिकचा कागद घेऊन वरूनही एक कागद टाकला तर कोरडं पीठ लागतच नाही आणि नवशिक्याला हा मार्ग सर्वांत सोपा. जुन्या बायका नाक मुरडतील. मुरडू देत.

चीर पडलीच तर ती कुठे आणि कधी पडली ते पाहावं, कारण प्रत्येक चिरेचं कारण वेगळं असतं. लाटायला सुरुवात करताच कडेला सगळीकडे उभ्या चिरा पडल्या तर उकड कच्ची आहे किंवा गोळा कोरडा आहे. दोन्हींतला फरक ओळखायचा तर गोळ्यात चमचाभर पाणी मळून पुन्हा लाटावं. चिरा गेल्या तर पाणी कमी होतं. गोळा नुसता सैल आणि चिकट झाला, चिरा मात्र तशाच राहिल्या, तर स्टार्च शिजलेला नाही आणि कितीही पाणी घातलं तरी उपयोग नाही. लाटताना कड ठीक, पण उचलताना भाकरी मधून तुटली तर पीठ फार सैल आहे किंवा मधला भाग कडेपेक्षा पातळ झाला आहे. आणि पोळपाटावर धड असलेली भाकरी तव्यावर गेल्यावर तडकली तर गोळ्याला बोल लावू नये. तिथे पाणी फिरवायला किंवा उलटायला उशीर झालेला असतो.

तव्यावरच्या पाण्याचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. भाकरी पीठ लागलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाकतात आणि तिच्यावर लगेच ओला हात फिरवतात. वरचं कोरडं पीठ त्या पाण्याने भिजतं, उलटल्यावर तव्याच्या उष्णतेने शिजतं आणि त्याचा सलग पापुद्रा बनतो. पापुद्रा सलग असेल तर आतली वाफ कोंडते आणि भाकरी फुगते. पाणी कडेपर्यंत पोचलं नाही तर कड पांढरी राहते आणि तडकते. पाणी वरून दिसेनासं झालं, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तो उलटायचा क्षण. पांढरट कोरडेपणा दिसू लागला की उशीर झाला. सुकणारा थर आकसतो आणि बारीक भेगांचं जाळं उमटतं. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकरी शिजण्याऐवजी वाळत राहते आणि परिणाम तोच होतो. प्लास्टिकवर लाटलेल्या भाकरीला कोरडं पीठ नसतं, म्हणून तिला पाण्याचा नुसता पुसटता हात पुरतो.

तिन्ही धान्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ज्वारीत रब्बीची, म्हणजे शाळू ज्वारी, भाकरीला उत्तम. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण अजूनही भाकरीचं माप मानलं जातं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. खरिपाची ज्वारी कणसात असताना पावसात सापडली तर दाणा काळा पडतो, कधी कणसातच मोड येतो, आणि मोडाबरोबर दाण्यातला स्टार्च तुटायला लागतो. अशा पिठाची उकड चिकट दिसते, पण तिला धरबंध नसतो. दळण बारीक हवं. दळताना स्टार्चचे काही कण फुटतात आणि फुटलेले कण साध्या पाण्यातही पाणी धरतात. ताज्या, बारीक पिठाची भाकरी उकडीशिवाय थापता येते ती काही अंशी त्यामुळे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारीची वाणं पारखताना दाण्याच्या रंग-आकाराबरोबर पीठ मळून, लाटून, भाकरी भाजूनही पाहिली गेली. कुठलं पीठ किती लाटलं जातं, हा तिथे मोजायचा गुण होता.

बाजरीत प्रश्न वयाचा आहे. बाजरीत स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त, साधारण पाच टक्के. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित असतो. दळला की तेल आणि ते तोडणारी विकरं एकत्र येतात आणि काही दिवसांत पीठ कडू होऊ लागतं. त्याबरोबर चिकटपणाही जातो. पीठ विरी गेलं म्हणतात ते हेच. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावं. मागे कडवट चव रेंगाळली तर त्या पिठाची भाकरी उकड काढूनही धड होणार नाही आणि झाली तरी खाववणार नाही. आठवड्याचं पीठ दळावं, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. जास्त असेल तर हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवावं आणि उकडीआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. का, ते वरच्या हिशेबात आलंच आहे. बाजरीचं पीठ थोडं रवाळ असतं, म्हणून भाकरी ज्वारीपेक्षा किंचित जाड लाटावी. भोगीला तीळ लावायचे असतील तर ते लाटून झाल्यावर वरून दाबावेत. गोळ्यात मळलेले तीळ कडेला आले की तिथून चीर सुरू होते.

तांदळाचं पीठ तिघांत सर्वांत निमूट, पण उकडीवाचून त्याचं पान हलत नाही. कोकणात वाटीला वाटी पाणी, थोडं मीठ, सगळं पीठ उकडीत, ही पद्धत पक्की आहे आणि तिच्यात बदल करण्याचं कारण नाही. तांदळाचा वाण मात्र पाहावा. इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाची उकड हाताला आणि पोळपाटाला धरते, तिथे पाणी थोडं कमी करावं. मोकळा भात होणाऱ्या तांदळाची भाकरी लाटायला सुबक, पण गार झाल्यावर लवकर ताठरते. डब्यात न्यायची असेल तर भाजून लगेच फडक्यात गुंडाळावी, म्हणजे तिचीच वाफ तिला मऊ ठेवते.

पिठात काही मिसळावं का, हा प्रश्न नेहमी येतो. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारीबरोबर उडीद आणि मीठ दळून करतात. उडदाचा बुळबुळीत चिकटपणा ज्वारीला धरून ठेवतो आणि चवही देतो. ही जोड मला मनापासून पटते. इसबगोलाचं तसं नाही. २०० ग्रॅम पिठाला चहाचा एक चमचा इसबगोल पाण्यात भिजवून घातला तर भाकरी लाटली जाते यात शंका नाही, पण जुनं, कडवट पीठही त्याने लाटलं जातं आणि दोष झाकला जातो. पाकिटातलं जुनं पीठ हाच एक पर्याय असेल, तर वापरावा.

ज्यांना सिलिअ‍ॅक आजारामुळे गहू वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी चिरेपेक्षा मोठी अडचण चक्कीची आहे. आधी गहू दळलेल्या चक्कीत ज्वारी टाकली तर दगडांत आणि कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतं. पहिलं किलो-दोन किलो बाजूला काढल्याने ते कमी होतं, नाहीसं होत नाही. त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर तेही वेगळं ठेवावं, कारण लाकडाच्या रेषांत बसलेली कणीक धुऊनही निघत नाही.